हरभऱ्याची मर: फ्युझेरियम, मानकूज की कोरडी मूळकूज? ओळखीचा आणि उपायांचा तौलनिक तक्ता

कृषी पदविकेच्या वहीत हरभऱ्याच्या पानावर 'मर' या नावासमोर बहुधा एकच ओळ असते. लक्षण: झाड सुकते. कारण: फ्युझेरियम बुरशी. उपाय: बीजप्रक्रिया. तोंडी परीक्षेला एवढे पुरते. शेतात ते पुरत नाही, कारण हरभऱ्याचे झाड सुकवणाऱ्या महत्त्वाच्या बुरश्या तीन आहेत आणि शेतकरी तिघींनाही 'मर' किंवा 'हरभरा उभळला' असेच म्हणतो. तिघींना लागणारे हवामान वेगळे, झाडाचा जो भाग त्या धरतात तोही वेगळा. त्यामुळे एकीला आवर घालणारे काम दुसरीच्या पथ्यावर पडते. पाण्याचेच बघा. पेरणीनंतर वीस दिवसांत मानकुजीने रोपे जात असताना पाणी दिले, तर रोग वाढतो. घाटे भरताना कोरडी मूळकूज दिसत असताना पाणी तोडले, तरीही रोग वाढतो. म्हणून 'मर दिसली, पाणी बंद करा' हा सरसकट सल्ला निम्म्या वेळा चुकतो.

खालचा तक्ता पिकाच्या वयापासून सुरू होतो आणि आतल्या मुळापर्यंत जातो. शेतात तपासणीही याच क्रमाने करायची आहे.

| काय पाहायचे | फ्युझेरियम मर | मानकूज | कोरडी मूळकूज |
|---|---|---|---|
| बुरशी | फ्युझेरियम ऑक्झिस्पोरम (हरभऱ्यावरचा प्रकार सायसेरिस) | स्क्लेरोशियम रॉल्फसाय | रायझोक्टोनिया बटाटिकोला, म्हणजेच मॅक्रोफोमिना फॅसिओलिना |
| पिकाचे वय | लवकरची मर 3 ते 4 आठवड्यांत, उशिराची फुलोरा ते घाटे | उगवणीपासून साधारण 6 आठवडे | फुलोरा ते घाटे भरणे |
| हवामान | जमिनीचे तापमान 25 ते 28 अंशांच्या आसपास | ओली, उबदार जमीन, वर न कुजलेला काडीकचरा | दिवसाचे तापमान 30 अंशांच्या वर आणि जमिनीत ओल कमी |
| पाने | देठासह खाली झुकतात, रोप आडवे पडले तरी रंग बराच वेळ मळकट हिरवा | आधी फिकट पिवळी, मग वाळतात, रोप बहुधा उभेच | पेंढ्यासारखी पिवळसर, झाड उभ्याने वाळते |
| मान (जमिनीलगतचा बुंधा) | बाहेरून निरोगी | आक्रसलेली, तपकिरी, कुजलेली, पांढरे तंतू | बहुधा निरोगी, रोग खाली मुळात |
| सोटमूळ | बाहेरून निरोगी, शाबूत | मानेखालचा भाग कुजलेला | काळपट, ठिसूळ, बारीक मुळे गळालेली, टोक जमिनीतच राहते |
| उभे चिरल्यावर | मधल्या काष्ठात तपकिरी-काळी रेघ | काष्ठात रेघ नाही | साल सोलल्यावर कोळशाच्या पुडीसारखे काळे ठिपके |
| शेतातली मांडणी | ठिगळे, दरवर्षी त्याच जागी आणि मोठी | काडीकचरा साचलेल्या, ओल राहणाऱ्या जागी | विखुरलेली झाडे, हलक्या-मुरमाड पट्ट्यात जास्त |

तक्ता पाठ करायला सोपा आहे. चुका होतात त्या झाड हातात घेताना, म्हणून पुढचा भाग तक्त्यापेक्षा महत्त्वाचा.

झाड उपटू नका, खणून काढा

सगळ्यात जास्त पुरावा झाड उपटताना नष्ट होतो. शेंडा धरून ओढले की सोटमूळ मध्येच तुटते आणि 'मूळ तुटले म्हणजे मूळकूज' असा निष्कर्ष निघतो. कोरड्या काळ्या जमिनीत निरोगी हरभऱ्याचे मूळही तुटते. म्हणून खुरप्याने झाडाच्या दोन्ही बाजूंनी 15 ते 20 सेंटीमीटर खोल माती सैल करून झाड मुळासकट उचला. मूळ तरीही तुटले तर तुटलेले टोक पाहा. निरोगी मुळाचे टोक पांढरे आणि ओलसर असते, त्याला बारीक मुळे व रायझोबियमच्या गाठी लटकत असतात. कोरड्या मूळकुजीचे टोक वाळलेल्या काडीसारखे कट्‌कन मोडते, आतून राखाडी-काळे असते आणि बारीक मुळे जवळजवळ नसतात.

दुसरी चूक झाड निवडताना होते. पूर्ण वाळून आठवडा झालेले झाड काहीच सांगत नाही. मेलेल्या ऊतींवर जगणाऱ्या बुरश्या तोवर आत शिरलेल्या असतात, त्यामुळे काष्ठही काळे दिसते आणि मानेवर पांढरी बुरशीही दिसते. नुकतेच मान टाकलेले किंवा अर्धे हिरवे, अर्धे सुकलेले झाड घ्या. फ्युझेरियममध्ये कधीकधी एखाद-दोन फांद्याच सुकतात आणि बाकीचे झाड हिरवे असते. असे झाड सापडले तर तेच चिरायला सर्वांत चांगले.

तिसरी गोष्ट वेळेची. दुपारी दोन वाजता पाण्याच्या ताणाने झुकलेले झाडही मर झाल्यासारखे दिसते. संध्याकाळी संशयित दहा झाडांना सुतळी बांधून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सात-आठच्या सुमारास पाहा. ताणाने झुकलेली झाडे रात्रीतून सावरलेली असतात, मर झालेली तशीच असतात. या एका रात्रीने कितीतरी चुकीच्या फवारण्या वाचतात.

मान, मूळ, मग ब्लेड

झाड पाण्यात हलकेच बुडवून माती काढा. नळाखाली खसखसून धुऊ नका, कारण मानकुजीचे पांढरे तंतू त्यातच निघून जातात. आधी मान पाहा. मानकुजीत मातीलगतचा भाग आत ओढल्यासारखा दिसतो, तपकिरी असतो आणि त्यावर पंख्यासारखी पसरलेली पांढरी तंतूमय बुरशी असते. रोग थोडा जुना असेल तर तंतूंत मोहरीच्या दाण्यासारख्या गोल गाठी सापडतात. आधी त्या पांढऱ्या असतात आणि पक्व झाल्यावर तपकिरी होतात. या गाठी म्हणजे बुरशीचे विश्रांतीतले रूप, त्यांना स्क्लेरोशिया म्हणतात. गाठी दिसल्या तर निदान पक्के.

गाठी नसतील आणि फक्त पांढरेपणा असेल तर घाई करू नका. मानेचा तुकडा ओल्या कापसासोबत प्लास्टिकच्या पिशवीत घाला, पिशवी फुगवून तोंड बांधा आणि सावलीत ठेवा. मानकूज असेल तर दोन-तीन दिवसांत दाट पांढरे तंतू पिशवीच्या कडेपर्यंत पसरतात आणि पुढे गाठी धरू लागतात. नुसती हिरवट किंवा काळी बुरशी आली तर ती मेलेल्या ऊतीवर आलेली असते. तिच्यावरून काही ठरवू नका.

मान निरोगी असेल तर नवीन ब्लेडने खोड मानेच्या वर 8-10 सेंटीमीटरपासून मुळात तेवढेच खाली उभे चिरा. इथे एकच प्रश्न विचारायचा: बाहेरची साल निरोगी असतानाही आतले काष्ठ काळे-तपकिरी आहे का? असेल तर फ्युझेरियम. साल, काष्ठ, गाभा असे सगळेच काळे असेल तर ते मूळ आधीच कुजलेले आहे आणि तिथल्या काळेपणाला अर्थ नाही. मग वर, खोडाच्या निरोगी दिसणाऱ्या भागात चिरून पाहा. रेघ तिथेही चढलेली दिसली तरच फ्युझेरियम म्हणा. ही बुरशी पाणी वाहून नेणाऱ्या नलिकांत वाढते आणि नलिका तुंबतात. म्हणूनच मुळे शाबूत असूनही वर पान झुकते आणि रेघ खालून वर जाते.

साल सहज सुटत असेल तर दहापट भिंग घेऊन सालीखाली आणि मुळाच्या पोकळीत पाहा. कोळशाची पूड भुरभुरल्यासारखे ठिपके दिसले तर कोरडी मूळकूज. हेही स्क्लेरोशियाच, पण इतके बारीक की साध्या डोळ्याला फक्त करडी छटा वाटते. विद्यार्थी दोन्ही रोगांसमोर 'स्क्लेरोशिया' एवढेच लिहितात आणि गोंधळतात. बाहेर, मानेवर, मोहरीएवढे असतील तर मानकूज. आत, सालीखाली, पुडीसारखे असतील तर मूळकूज.

एकाच झाडात दोन रोगही असतात, विशेषतः घाटे भरताना फ्युझेरियम आणि मूळकूज. तेव्हा दोन्ही लिहा. एकच नाव लिहिलेच पाहिजे असा नियम नाही.

जे रोग नाहीत, पण तक्त्यात हवेत

रोपे कुरतडणारी अळी रात्री रोप जमिनीलगत कापते आणि दिवसा मातीत लपते. कापलेले रोप आडवे पडते, पण त्याचा काप स्वच्छ असतो, कूज नसते. रोपाभोवती तीन-चार सेंटीमीटर माती उकरली की काळपट, गुंडाळी होणारी अळी सापडते. वाळवीत मूळ किंवा खोड आतून पोखरलेले असते, त्यात मातीचे अस्तर असते आणि झाड सहज हातात येते. खुजा रोग विषाणूचा आहे. त्यात झाड सुकत नाही, बुटके राहते, पाने जाड होऊन पिवळी किंवा लालसर पडतात. खोडाची साल खरवडली की सालीच्या आतल्या थरात तपकिरीपणा दिसतो, काष्ठ मात्र स्वच्छ असते. फ्युझेरियममध्ये नेमके उलटे, म्हणून चिरताना साल आणि काष्ठ वेगळे पाहायला शिका.

किती नुकसान, हे कसे मोजायचे

हरभरा 30 बाय 10 सेंटीमीटरवर पेरला असेल तर 10 मीटर ओळीत साधारण 100 झाडे असतात. म्हणजे एका जागी 10 मीटर ओळ चालत मेलेली-सुकलेली झाडे मोजली की तीच टक्केवारी. शेतात नागमोडी चालत अशा पाच जागा घ्या. बांधालगतच्या दोन-तीन ओळी सोडून द्या, कारण तिथले चित्र नेहमीच वेगळे असते. जागा ठिगळ बघून निवडायच्या नाहीत, आधी ठरवलेल्या पावलांवर थांबायचे. नाहीतर 5 टक्क्यांच्या शेतात 30 टक्के आकडा येतो.

मोजायचे कारण असे की फ्युझेरियममध्ये कधी मर आली यावर नुकसान ठरते. पाटणचेरूच्या इक्रिसॅटमध्ये हवारे आणि नेने यांनी 1980 मध्ये दाखवले की लवकर मर झालेल्या झाडांचे उत्पन्न 77 ते 94 टक्के घटते आणि उशिरा मर झालेल्यांचे 24 ते 65 टक्के. हे आकडे रोगट झाडाचे आहेत, एकरी घट म्हणून वापरू नका. 500 पैकी 30 झाडे उशिरा मेली तर शेताची घट या टक्केवारीच्या सहा शतांशाएवढी.

एका बांधावरची दोन शेते

हिशोब कसा बसवायचा हे पाहण्यासाठी एक उदाहरण घेऊ. मराठवाड्यातले मध्यम ते भारी काळे रान, खरिपात सोयाबीन. सोयाबीन यंत्राने काढले, भूस रानातच पडले आणि एक रोटाव्हेटर मारून 14 ऑक्टोबरला हरभरा पेरला. पेरणीनंतर लगेच तुषारने एक पाणी, बाराव्या दिवशी दुसरे. 3 नोव्हेंबरला, म्हणजे विसाव्या दिवशी, जागोजागी रोपे पिवळी पडून वाळताना दिसली.

पाच जागांवर सुकलेली रोपे 9, 2, 14, 0 आणि 5 निघाली. एकूण 500 पैकी 30, म्हणजे 6 टक्के. 14 आकडा आला तिथे भुसाचा ढीग रोटाव्हेटरने नीट विस्कटलेला नव्हता. नुकतीच पिवळी पडलेली दहा रोपे खणली. सात रोपांच्या मानेवर पांढरे तंतू होते, त्यातल्या तिघांवर मोहरीएवढ्या गाठी. दोन रोपे स्वच्छ कापलेली होती आणि एकाजवळ अळीही मिळाली. एका रोपाची मान निरोगी, पण काष्ठ काळे.

निर्णय: मुख्य रोग मानकूज. पुढचे पाणी पुढे ढकला, वरचा थर सुकू द्या. वाफसा आल्यावर कोळपणी करा, पण मातीची भर रोपाच्या बुंध्याला लावू नका, कारण बुंध्याशी ओली माती आणि भूस आले की बुरशीला पूल मिळतो. मेलेली रोपे भोवतालच्या मुठीभर मातीसह पिशवीत भरून रानाबाहेर न्या. नुसती उपटून धुऱ्यावर टाकली तर गाठी तिथेच राहतात. ठिगळाच्या कडेच्या निरोगी रोपांच्या बुंध्याशी ट्रायकोडर्मा 10 लिटर पाण्यात 100 ग्रॅम या प्रमाणात ओतता येते, मात्र त्याने मेलेले रोप जिवंत होत नाही. सगळ्या शेतावर बुरशीनाशक फवारण्यात काही अर्थ नाही. औषध पानावर, रोग मातीत.

त्याच बांधाच्या पलीकडे दुसरे शेत. पाऊस लांबल्याने पेरणी 15 नोव्हेंबरला झाली. शेताचा वरचा तिसरा हिस्सा मुरमाड. 8 फेब्रुवारीला, पंच्याऐंशीव्या दिवशी, घाटे भरत असताना विखुरलेली झाडे पेंढ्याच्या रंगाची दिसू लागली. मोजणीत 500 पैकी 40, म्हणजे 8 टक्के. त्यातली बहुतेक वरच्या मुरमाड हिश्श्यात. दहा झाडे खणली. आठांची सोटमुळे ठिसूळ, टोके मातीत राहिलेली, सालीखाली काळी पूड. दोघांची साल निरोगी आणि काष्ठ काळे.

इथे निर्णय उलटा. घाट्यांत दाणे भरायचे असतील आणि पाणी उपलब्ध असेल तर एक हलके पाणी द्या, आधी मुरमाड हिश्श्याला. जमिनीला भेगा पडेपर्यंत थांबू नका. पण सपाट वाफ्यात पाणी तुंबवू नका, मुळाशी पाणी साचणे हरभऱ्याला अजिबात सोसत नाही आणि भेगाळलेल्या भारी रानात ते पटकन जास्त होते. घाटे पिवळे पडू लागले असतील तर पाण्याचा उपयोग संपला, काढणीची तयारी करा. आळवणी केलेले बुरशीनाशक या टप्प्यावर खोल मुळापर्यंत पोहोचत नाही आणि मेलेले मूळ परत फुटत नाही.

दोन्ही शेतांना शेतकरी 'मर' म्हणेल आणि दुकानात एकच औषध मागेल.

उपाय समोरासमोर

| उपाय | फ्युझेरियम मर | मानकूज | कोरडी मूळकूज |
|---|---|---|---|
| प्रतिकारक वाण | सर्वांत उपयोगी | मर्यादित | मर प्रतिकारक वाण इथे पुरेलच असे नाही |
| बीजप्रक्रिया | हवीच, लवकरच्या मरीवर | हवीच, पहिल्या काही आठवड्यांसाठी | दोन महिन्यांनी असर उरत नाही |
| फेरपालट | 3 वर्षे किंवा जास्त हरभरा नाही | सोयाबीन-भुईमूग टाळून तृणधान्य | ज्वारीने विशेष फायदा नाही |
| काडीकचरा | दुय्यम | सर्वांत महत्त्वाचे | दुय्यम |
| पाणी | अति टाळा | रोपावस्थेत हात आखडता | फुलोरा-घाट्यांत ताण नको |
| पेरणी | खूप लवकर नको | गरम ओल्या जमिनीत नको | उशीर नको |

तक्त्याची शेवटची ओळ नीट वाचा. ती एकमेकांविरुद्ध आहे. लवकर पेरलेले पीक गरम, ओल्या जमिनीत उगवते आणि मानकुजीला सापडते. उशिरा पेरलेले पीक फेब्रुवारीच्या उन्हात घाटे भरते आणि मूळकुजीला सापडते. महाराष्ट्रात बागायती हरभऱ्यासाठी 20 ऑक्टोबर ते 10 नोव्हेंबर ही शिफारस केलेली वेळ दोन्हींच्या मधली आहे. रान मुरमाड असेल तर या काळाच्या आधीच्या टोकाला, आणि सोयाबीनचे भूस भरपूर असलेले भारी रान असेल तर भूस बाहेर काढून किंवा कुजवून मधल्या दिवसांत पेरा. 'विजय' बागायतीत 105 ते 110 दिवसांत येतो. त्या हिशोबाने पेरणीच्या तारखेवरून घाटे भरण्याचा आठवडा काढता येतो.

फेरपालटात परीक्षेतही चूक होते. 'मर असल्यास ज्वारी घ्यावी' हे फ्युझेरियमसाठी बरोबर आहे. पण कोरड्या मूळकुजीची बुरशी आणि रब्बी ज्वारीच्या खडखड्या रोगाची बुरशी एकच. तिला उन्हाचा ताण आवडतो. म्हणजे मूळकुजीच्या रानात ज्वारी घेतली तर बुरशीला दुसरे यजमान मिळाले. शिवाय फ्युझेरियम हरभरा नसतानाही मातीत सहा वर्षांपर्यंत टिकू शकते, त्यामुळे एका वर्षाच्या फेरपालटाने काही हाती लागत नाही. मानकुजीच्या गाठी वरच्या थरात जास्त टिकतात आणि खोल गाडल्या गेल्या की त्यांची ताकद घटते. म्हणून तिथे उन्हाळ्यातली खोल नांगरट खरेच काम करते.

वाणांच्या बाबतीत 'मर रोग प्रतिकारक्षम' हे पिशवीवरचे शब्द फक्त फ्युझेरियमबद्दल आहेत असे धरून चाला. विजय, विशाल, दिग्विजय, फुले विक्रम, जाकी 9218 आणि काबुलीत विराट हे वाण त्या गटात येतात. विजय लावूनही फेब्रुवारीत झाडे वाळली म्हणून 'बियाणे खोटे' असा आरोप होतो. आधी मूळ पाहा, बहुधा ती मूळकूज असते. दुसरे असे की हरभऱ्यावरच्या फ्युझेरियमचे वेगवेगळे उपप्रकार आहेत आणि एका भागात टिकणारा वाण दुसऱ्या भागात टिकेलच असे नाही. मर रोगाच्या चाचणी क्षेत्रात जेजी 62 हा हमखास बळी पडणारा वाण तुलनेसाठी लावतात. तोच जिवंत राहिला तर त्या जागी चाचणी झालीच नाही असे समजतात.

बीजप्रक्रिया: दोनपैकी एक निवडा

इथे एक निवड करावीच लागते. रासायनिक मार्ग म्हणजे प्रति किलो बियाण्यास कार्बेन्डाझिम 1 ग्रॅम आणि थायरम 2 ग्रॅम. जैविक मार्ग म्हणजे प्रति किलो ट्रायकोडर्मा 5 ग्रॅम. 'दोन्ही लावू, जास्त चांगले' असे करू नका. ट्रायकोडर्मा ही स्वतः बुरशी आहे आणि कार्बेन्डाझिमने ती मरते. दोन्हींचे पैसे जातात आणि फायदा फक्त कार्बेन्डाझिमचा मिळतो.

गेल्या हंगामात मानकूज किंवा लवकरची मर जास्त होती, रानात भूस आहे आणि पेरणी ओलीत आहे, तर रासायनिक मार्ग धरा. पहिले वीस-पंचवीस दिवस निघून जाणे महत्त्वाचे. चांगले कुजलेले शेणखत हाताशी आहे आणि रोग मध्यम आहे, तर ट्रायकोडर्मा घ्या आणि तो मातीतही द्या. एकरी 100 किलो शेणखतात 2 किलो ट्रायकोडर्मा मिसळा, ओल ठेवून ओल्या गोणपाटाखाली सावलीत 10 ते 15 दिवस झाका, तीन-चार दिवसांनी एकदा हलवा आणि पेरणीपूर्वी शेवटच्या वखरणीत मिसळा. कच्च्या शेणखतात हे करू नका. कच्चे सेंद्रिय मानकुजीचेच खाद्य आहे.

विजयसाठी हेक्टरी 70 किलो, म्हणजे एकरी 28 किलो बियाणे धरले तर ट्रायकोडर्मा 140 ग्रॅम लागतो. रासायनिक मार्गात कार्बेन्डाझिम 28 आणि थायरम 56 ग्रॅम. दिग्विजय किंवा विशालचे दाणे टपोरे, हेक्टरी 100 किलो म्हणजे एकरी 40 किलो बियाणे, म्हणून औषधही त्या प्रमाणात वाढते. 'एकरी एक पुडी' हा हिशोब इथेच फसतो.

क्रम असा: आधी बुरशीनाशक, ते पूर्ण सुकल्यावर, शक्यतो दुसऱ्या दिवशी, रायझोबियम आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू, प्रत्येकी 10 किलो बियाण्यास 250 ग्रॅम. एक लिटर पाण्यात 125 ग्रॅम गूळ उकळून पूर्ण थंड केलेले द्रावण जिवाणू चिकटवायला वापरा, पण बियाणे ओलसर होईल इतकेच. जास्त पाणी झाले की हरभऱ्याची साल सुटते, डाळ वेगळी होते आणि तो दाणा उगवत नाही. घमेल्यात हाताने रगडू नका, ताडपत्रीवर पसरून दोन बाजूंनी उचलत घोळा. अर्धा तास सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरा. उन्हात ठेवलेले जिवाणू मरतात आणि मुळावर गाठी येत नाहीत. ते पाहायचे असेल तर महिन्याभराने झाड खणताना गाठ चिरून बघा. गाठ आतून गुलाबी असली तर काम सुरू आहे, हिरवट किंवा राखाडी असली तर नाही. औषध विकत घेताना डब्यावरच्या पत्रकात हरभऱ्याचे नाव आणि मात्रा छापलेली आहे का ते पाहा, नसेल तर ते औषध तिथेच ठेवा.

प्रात्यक्षिक वहीत रोगाचे नाव लिहिण्याआधी चार रकाने भरा: पेरणीची तारीख, तपासणीच्या दिवशी पिकाचे वय, मागचे पीक, आणि शेवटचे पाणी किती दिवसांपूर्वी दिले. वरच्या उदाहरणातल्या पहिल्या शेताची नोंद अशी होईल: 14 ऑक्टोबर, 20 दिवस, सोयाबीन, 8 दिवस. दुसऱ्या शेताची: 15 नोव्हेंबर, 85 दिवस, सोयाबीन, 30 दिवस. रोगाचा रकाना रिकामा ठेवला तरी परीक्षकाने या दोन ओळींवरून मानकूज कुठली आणि मूळकूज कुठली ते सांगावे.